नाचणीला ‘स्थिर’ ठरवण्याआधी सरासरीने भागून बघा : ग्रामस्थ मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
आपले ग्रामस्थ मंडळ, मुंबई

विषय : पीक नुकसान मदत निधीतून नाचणी वगळल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

निधीचे नवे नियम ग्रुपवर वाचले. ‘भात हे अस्थिर पीक असून नाचणी हे स्थिर पीक आहे, सबब यापुढे नुकसान मदत फक्त भातास देण्यात येईल.’ एका वाक्यात वरच्या वाडीतल्या नाचणीवाल्या घरांचा विषय संपला. सर्वसाधारण सभेत मी हात वर केला, तर ‘वहिनी, आकडे बघूनच ठरवलंय’ असं उत्तर आलं आणि लगेच गणपतीला सोडायच्या गाड्यांचा विषय निघाला. गाड्यांचा विषय महत्त्वाचा आहे, मान्य. पण आकडे बघून ठरवलंय म्हणता, तर ते आकडे नेमकं काय सांगतात ते सगळ्यांसमोर मांडायला हवं. निधी विरारपासून बदलापूरपर्यंत पसरलेल्या सभासदांच्या वर्गणीचा आहे, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न देता उघड लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी परळला राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते. गावची शेती थोरले दीर आणि जाऊबाई बघतात. खाली मळ्यात दोन खाचरं भाताची आणि वर उतारावर वरकस जमिनीत नाचणी. म्हणजे आमच्या घराला भाताची मदत मिळतच राहील. पण वरच्या वाडीत अशी घरं आहेत, ज्यांच्या नावावर एक खाचर नाही. त्यांचं सगळं पीक उतारावरचं. नव्या नियमाने त्यांना निधीतून एक रुपया मिळणार नाही, आणि तो का मिळणार नाही याचं कारण गणितात चुकलेलं आहे.

तुमच्या पत्रकातलेच आकडे घेते. ते गावच्या निवृत्त गुरुजींच्या वहीतले आहेत आणि त्या वहीवर माझा विश्वास आहे. गुरुजी स्वतः खळ्यावर जातात, ताणकाट्याला गोणी लावतात, रिकाम्या गोणीचं वजन वजा करतात आणि मगच आकडा लिहितात. पायली-कुडवातलं मोजमाप कुणी सांगितलं तर ते वहीत घेत नाहीत. सलग सहा हंगामांचं गुंठ्यामागे किलोतलं सरासरी उत्पादन असं आहे :

भात : २७, ३३, ३१, २४, ३४, ३१
नाचणी : १२, ८, ११, ६, १३, १०

भाताची सरासरी ३० किलो, नाचणीची १०. आता दरवर्षीचा आकडा सरासरीपासून किती दूर गेला ते बघायचं. भाताचे फरक उणे ३, अधिक ३, अधिक १, उणे ६, अधिक ४, अधिक १. यांचे वर्ग करून बेरीज केली की ७२ येतात. सहा वर्षं आहेत म्हणून पाचाने भागायचं, १४.४ येतात, त्याचं वर्गमूळ सुमारे ३.८. हे भाताचं प्रमाण विचलन. नाचणीचे फरक अधिक २, उणे २, अधिक १, उणे ४, अधिक ३ आणि शून्य. वर्गांची बेरीज ३४, पाचाने भागून ६.८, वर्गमूळ सुमारे २.६.

इथवर तुमचं आणि माझं उत्तर एकच आहे. पत्रकातही ३.८ आणि २.६ असंच छापलंय. तुम्ही मात्र इथेच थांबलात. ३.८ मोठा, २.६ लहान, म्हणून भात बेभरवशाचा आणि नाचणी भरवशाची, असं ठरवून मोकळे झालात.

हे २.६ किलो कशातले? दहा किलोतले. आणि ३.८ किलो तीस किलोतले. महिना साठ हजार कमावणाऱ्याचे दोन हजार इकडेतिकडे झाले तर तो कुरकुरतो, सहा हजार कमावणाऱ्या बाईचे दीड हजार गेले तर तिच्या घरात दुकानदाराची उधारी सुरू होते. दीड हजार ही रक्कम दोन हजारांपेक्षा लहान आहे, म्हणून त्या बाईचं उत्पन्न अधिक स्थिर असं कुणी म्हणणार नाही.

म्हणून जिथे दोन पिकांच्या सरासरीत एवढा फरक असतो, तिथे प्रमाण विचलन आपापल्या सरासरीने भागून टक्क्यांत लिहितात. याला विचलन गुणांक म्हणतात, शेतीखात्यात आणि कॉलेजात सगळे ‘सीव्ही’ म्हणून ओळखतात. कार्ल पिअर्सन यांनी तो १८९६ मध्ये मांडला, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्नही याच जातीचा होता. पुरुषांची आणि स्त्रियांची शरीरमापं सरासरीतच वेगळी, मग कुणाच्यात फरक जास्त हे नुसत्या प्रमाण विचलनावरून कसं ठरवायचं?

भाताचं ३.८ भागिले ३०, म्हणजे सुमारे १३ टक्के. नाचणीचं २.६ भागिले १०, म्हणजे २६ टक्के. आपल्या गावात नाचणी भाताच्या दुप्पट अस्थिर आहे. तुमच्या नियमाच्या बरोबर उलट.

खजिनदारांनी हिशोब एक्सेलमध्ये केलाय, म्हणून त्याच भाषेत सांगते. पत्रकातल्या शीटमध्ये भात B स्तंभात आणि नाचणी C स्तंभात आहे. तिथे एवढंच घालायचं होतं :

```
=STDEV.S(B2:B7)/AVERAGE(B2:B7)*100
=STDEV.S(C2:C7)/AVERAGE(C2:C7)*100
```

सभेनंतर जिन्यात एक सदस्य म्हणाले, ‘हे भागाकार-बिगाकार म्हणजे आकड्यांचा खेळ.’ त्यांच्यासाठी भागाकार बाजूला ठेवते. नाचणीचा प्रत्येक आकडा तिप्पट करा, म्हणजे तिची सरासरीही भाताइतकी ३० होईल. मग नाचणीची सहा वर्षं अशी दिसतील : ३६, २४, ३३, १८, ३९, ३०. ही ओळ भाताच्या ओळीखाली लिहून दोन्हींवरून नुसता डोळा फिरवा. भात २४ आणि ३४ च्या मध्ये राहतो, नाचणी १८ पासून ३९ पर्यंत उड्या मारते. सूत्र न वापरताही दिसतं.

आता तुमच्या बाजूने आजवर जी कारणं कानावर आली, त्यांच्याबद्दल.

पहिलं कारण असं, की नाचणी काटक पीक आहे, खडकावरही येते. काटक आहेच. पाऊस ओढला तरी ती सहसा समूळ जात नाही. पण रोप जगणं वेगळं आणि दाणा दरवर्षी सारखा भरणं वेगळं. आपल्याकडे भाताला खाचर मिळतं, बांध मिळतो, थोडंफार खत मिळतं. नाचणीला उताराची उथळ माती मिळते, जिथे पाणी थांबत नाही. पावसाने मध्येच दडी मारली तर खाचरातली ओल काही दिवस धरून राहते, उतार दोन दिवसांत कोरडा पडतो. वर जंगलाला लागून असल्यामुळे वानरं आणि डुकरं आधी तिथेच येतात. तेव्हा हे २६ टक्के नाचणीच्या बियाण्याला चिकटलेले नाहीत, आपल्या गावात ती जिथे आणि जशी लावली जाते त्याचे आहेत. उद्या कुणी खाचरात खत घालून नाचणी लावली तर वेगळा आकडा येईल. निधी मात्र आज जी शेती आहे तिच्यासाठी आहे.

दुसरं कारण जरा फसवं आहे. एका सदस्यांनी नाचणीच्या वाण चाचणीचा छापील तक्ता आणला होता. त्याच्या तळाला ‘सी. व्ही. टक्के’ असं लिहून एक आकडी संख्या दिली होती. ‘बघा, शास्त्रज्ञही नाचणीचा सीव्ही कमी सांगतात,’ असं सभेत वाचून दाखवलं गेलं आणि टाळ्याही पडल्या. तो सीव्ही वेगळ्या गोष्टीचा असतो. चाचणीत एकाच हंगामात, एकाच शेतात, तेच वाण तीन-चार वाफ्यांत लावतात. वाणाचा फरक काढून टाकल्यावरही वाफ्यावाफ्यांत जो फरक उरतो, तो सगळ्या प्रयोगाच्या सरासरीने भागून तळाला लिहितात. प्रयोग किती काटेकोर झाला हे त्यावरून कळतं. तो आकडा लहान असला तर वाफे सारखे होते, माणसांनी काम नीट केलं, एवढाच त्याचा अर्थ. पीक वर्षानुवर्षं किती वर-खाली होतं याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. अशा तक्त्याच्या तळाची ओळ उचलून मदतीचा नियम करणं मला गंभीर वाटतं, कारण सूत्राचं नाव एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही.

तिसरं कारण, ‘चौथं वर्ष वाईट होतं, त्यामुळेच नाचणीचा आकडा फुगला.’ ही शंका रास्त आहे, सहा वर्षांत एक वाईट वर्ष बरंच वजन टाकतं. म्हणून ते वर्ष दोन्ही पिकांतून काढून बघितलं. भाताचा सीव्ही सुमारे ९ टक्क्यांवर येतो आणि नाचणीचा सुमारे १८ वर. दोन्ही उतरले, पण दुपटीचा फरक तसाच राहिला. पाचाऐवजी सहाने भागलं तरी दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटतात, तुलना बदलत नाही.

या आकड्यांच्या मर्यादाही मीच सांगते, नाहीतर पुढच्या सभेत त्या माझ्यावरच उलटवल्या जातील.

सहा वर्षं ही फार थोडी. सहा आकड्यांवरून काढलेला २६ टक्के म्हणजे नेमका २६ नव्हे, तो २० असेल किंवा ३५ ही असेल. १३ आणि १४ असा फरक असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. १३ आणि २६ एवढं अंतर असताना नाचणी भातापेक्षा स्थिर आहे, असा निष्कर्ष मात्र या वहीतून कुठल्याही वाटेने निघत नाही.

दुसरी मर्यादा माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाते. गुरुजींच्या वहीतला भाताचा आकडा बऱ्याच घरांची सरासरी आहे आणि नाचणीचा मोजक्या घरांची. जास्त घरं एकत्र केली की एकाचं नुकसान दुसऱ्याच्या बरकतीत बुडतं, सरासरी आपोआप शांत दिसते. एका घराचं पीक त्याहून जास्त हलत असतं. त्यामुळे नाचणीच्या अस्थिरतेतला काही भाग कमी घरांमुळे आलेला असू शकतो. हे तपासायचा उपाय सोपा आहे : दोन्ही पिकं घेणारी घरं निवडायची, प्रत्येक घराचा भाताचा आणि नाचणीचा सीव्ही वेगवेगळा काढायचा आणि घरागणिक तुलना करायची. आमच्या घराचे आकडे द्यायला जाऊबाई तयार आहेत. वही त्यांच्याकडेही आहे, फक्त ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आहे.

तिसरी मर्यादा पुढच्या वर्षांसाठी ध्यानात ठेवावी अशी आहे. समजा एखाद्या वाडीने सुधारित वाण आणि चारसूत्री लागवड धरली आणि तिथलं भात २०, २४, २८, ३२, ३६, ४० असं चढत गेलं. सरासरी ३० च. सीव्ही काढला तर २५ टक्के येईल, म्हणजे जवळपास आपल्या नाचणीइतका! पण त्या वाडीत बेभरवसा कुठेच नाही, दरवर्षी सरळ चार किलोंची वाढ आहे. आकडे कागदावर वर्षांच्या क्रमाने मांडून ते एका दिशेने चढताहेत का हे आधी बघायचं. चढत असतील तर त्या चढत्या रेषेपासूनचे फरक मोजायचे, सरासरीपासूनचे नव्हेत. आपल्या वहीत सध्या अशी चढण दोन्ही पिकांत दिसत नाही, म्हणून मी साधाच सीव्ही वापरला.

आणि सीव्ही कमी म्हणजे पीक चांगलं, असंही कुणी लगेच ठरवू नये. दरवर्षी न चुकता गुंठ्याला दोन किलो देणाऱ्या पिकाचा सीव्ही शून्य येईल आणि घर उपाशी राहील. उलट सरासरीच शून्याजवळ असेल, तर किलो-अर्ध्या किलोच्या फरकानेही सीव्ही वाटेल तेवढा फुगतो. फ्रान्सिस आणि कॅननबर्ग या संशोधकांनी १९७८ मध्ये मक्याच्या संकरित वाणांची स्थिरता तपासताना एका अक्षावर सरासरी उत्पादन आणि दुसऱ्यावर सीव्ही असा आलेख काढला होता, तो याचसाठी. दोन्ही आकडे शेजारी शेजारी असले की मगच बोलता येतं.

आता तीन किलोंच्या अटीबद्दल. हा मुद्दा सगळ्यात जास्त पोळणारा आहे. नव्या नियमात भातासाठी ‘सरासरीपेक्षा गुंठ्यामागे ३ किलो वा अधिक घट’ अशी अट आहे. सभेत एका ज्येष्ठांनी सुचवलं, की वाद नको असेल तर नाचणीलाही तीच अट लावून आत घ्या. ऐकायला न्याय्य वाटतं, सगळ्यांना एकच माप. वहीवर लावून बघा. भात पहिल्या वर्षी २७ होता, घट ३ किलो, म्हणजे १० टक्के. मदत मिळाली असती. नाचणी दुसऱ्या वर्षी ८ होती, घट २ किलो, म्हणजे २० टक्के, पिकाचा पाचवा हिस्सा गेला. मदत नाही! भातवाल्याचा दहावा हिस्सा गेला तर मंडळ धावणार आणि नाचणीवाल्याचा पाचवा गेला तर नियमावर बोट ठेवणार. अशी अट घालून आत घेण्यापेक्षा बाहेर ठेवलेलं परवडलं, निदान काय चाललंय ते उघड दिसतं.

सरकारी योजनेतही घट किलोत मोजून भरपाई ठरत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ रचनेत मागच्या सात वर्षांतून आपत्ती जाहीर झालेली जास्तीत जास्त दोन वर्षं वगळून उरलेल्या वर्षांची सरासरी घेतात, तिला ७०, ८० किंवा ९० टक्के जोखीम स्तराने गुणून उंबरठा उत्पादन ठरवतात, आणि पीक कापणी प्रयोगातून आलेलं उत्पादन त्या उंबरठ्याच्या किती हिश्शाने कमी पडलं त्यावर भरपाई काढतात. त्या योजनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, माझ्याही आहेत. पण भाताची आणि नाचणीची घट एका काट्यावर किलोत तोलायची चूक तिच्यात नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

नाचणीला वगळणारं वाक्य नियमांतून काढून टाकावं आणि तसं ग्रुपवर लेखी कळवावं. मदतीची अट किलोत न ठेवता टक्क्यांत ठेवावी. आपापल्या सरासरीपेक्षा २० टक्के वा अधिक घट झाली की मदत, पीक कोणतंही असो. ही अट गेल्या सहा वर्षांवर लावली तर भाताला एकदा मदत बसते, चौथ्या वर्षी, आणि नाचणीला दोनदा, दुसऱ्या आणि चौथ्या. नाचणीचे गुंठे थोडे असल्यामुळे निधीवर किती भार पडेल, तो हिशोब खजिनदारांबरोबर बसून करून द्यायला मी तयार आहे.

यापुढे मंडळाच्या पत्रकात कुठल्याही पिकाला स्थिर-अस्थिर म्हणायचं असेल, तर सरासरी, प्रमाण विचलन, सीव्ही, किती वर्षांचे आकडे आणि किती घरांचे, एवढं सगळं शेजारी छापावं. घरागणिक नोंदी गोळा करण्यासाठी गुरुजींना एक मदतनीस द्यावा, त्यांचं वय झालंय आणि चढ चढून वरच्या खळ्यांवर जाणं त्यांना आता जमत नाही. नाचणीच्या नोंदी कमी घरांच्या आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटची मागणी वेळेची. हा निर्णय यंदाच्या लावणीआधी व्हावा. तरव्यावरची रोपं उपटायला लागल्यावर कुणालाही मुंबईची सभा ऐकायला सवड नसते. कार्यकारिणीची पुढची बैठक रविवारी आहे असं कळलं. मला दहा मिनिटं आणि एक फळा मिळावा. वरच्या वाडीतले जे दोघे-तिघे नोकरीनिमित्त मुंबईत आहेत त्यांनाही बोलवावं, नियम त्यांच्या घरांबद्दल आहे.

कळावे,
आपली,
मंडळाची एक सभासद
परळ, मुंबई